पहिल्याच कॉर्डमधला कोमल निषाद

पेटी जवळ असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. हा सी मेजर कॉर्ड. तो स्वतःत पूर्ण आहे, त्यानंतर काही वाजलं नाही तरी कान तक्रार करत नाही. आता त्या तिघांमध्ये काळी पाच, म्हणजे कोमल निषाद मिसळा. त्याच क्षणी बसलेला कॉर्ड उठून उभा राहतो. पुढे काहीतरी यायला हवं असं वाटू लागतं, आणि म, ध, वरचा सा असे तीन स्वर वाजवले की ती ओढ शमते.

२ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये बीथोव्हेनची पहिली सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिची सुरुवात याच दोन कॉर्डनी होते. सिंफनी सी मेजरमधली, पण सी मेजरच्या सप्तकात कोमल निषाद नाही. म्हणजे एकोणतीस वर्षांच्या या संगीतकाराने पहिल्याच कॉर्डमध्ये परका स्वर ठेवला आणि पहिली सम जणू सी ऐवजी एफवर दाखवली. पाश्चात्त्य संगीताचे विद्यार्थी या दोन कॉर्डखाली V7/IV – IV असं लिहितात. या छोट्याशा आकड्यांमध्ये नेमकं काय नोंदवलेलं असतं, ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

सप्तकातल्या प्रत्येक स्वरावर एक आड एक पट्टी सोडून तीन स्वरांचा कॉर्ड उभा करता येतो. सा वरच्या कॉर्डला I, रे वरच्याला ii, ग वरच्याला iii, असं करत नी वरच्या vii° पर्यंत जायचं. मोठ्या अक्षरातला आकडा मेजर कॉर्डचा, छोट्या अक्षरातला मायनरचा आणि बारीक गोल चिन्ह असलेला डिमिनिश्डचा. रोमन आकड्यांची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॉटफ्रीड वेबर या जर्मन लेखकाच्या ग्रंथामुळे रुळली. आकडा सा पासून मोजलेला असल्यामुळे पट्टी बदलली तरी तोच राहतो. आपण पांढरी चारमध्ये गायलो तरी पंचमाला पंचमच म्हणतो, तसंच हे.

या सातांमध्ये I नंतरचं वजन V चं. त्याला डॉमिनंट म्हणतात. सी मेजरमध्ये तो प, नी, रे यांचा बनतो, आणि त्यात म मिसळला की V7 होतो. त्याची सगळी ओढ दोन स्वरांत आहे. नी हा सा च्या अगदी खाली, अर्ध्या स्वरावर असतो आणि वर सा मध्ये मिळायला बघतो. म हा ग च्या अगदी वर असतो आणि खाली ग मध्ये उतरायला बघतो. दोघं आपापल्या जागी गेले की I वाजलेला असतो.

हेच नातं दुसऱ्या स्वराभोवती उभं करता येतं. बीथोव्हेनच्या पहिल्या कॉर्डमध्ये ग हा म च्या लगेच खाली आहे आणि कोमल नी हा ध च्या लगेच वर आहे. म ला क्षणभर सा मानलं, तर ग हा त्याचा निषाद होतो आणि कोमल नी हा त्याचा मध्यम. म्हणजे हा कॉर्ड एफ मेजरचा V7 आहे. एफ हा सी मेजरमध्ये चौथा, म्हणजे IV. म्हणून V7/IV. मधली तिरकी रेघ भागाकाराची नाही, ती ‘चा’ या प्रत्ययासारखी वाचायची: चौथ्याचा पाचवा. अमेरिकन संगीतकार आणि शिक्षक वॉल्टर पिस्टन यांनी १९३३च्या आपल्या पुस्तिकेत ही खूण वापरली तेव्हा रेघ नव्हतीच, V7 आणि IV यांच्या मध्ये ‘चा’ अर्थाचा इंग्रजी शब्दच होता. अशा कॉर्डला सेकंडरी डॉमिनंट हे नाव त्यांनी १९४१च्या ‘हार्मनी’ या पुस्तकात दिलं. दुसऱ्या एखाद्या स्वराला असा क्षणभर सा चा मान देण्याच्या क्रियेला टॉनिसायझेशन म्हणतात. त्यामागची कल्पना १९०६मध्ये हाइनरिश शेंकर यांनी त्यांच्या स्वरसंवादावरच्या ग्रंथात मांडली होती.

आपल्याकडे षड्जचालन आहे, तेव्हा वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पण एक फरक लक्षात ठेवावा. षड्जचालनात स्वर तेच राहतात आणि सा सरकतो. टॉनिसायझेशनमध्ये ज्याला सा करायचं त्याच्यासाठी बहुधा एखादा स्वर बाहेरून आणावा लागतो. त्या आणलेल्या स्वरावरूनच ही क्रिया ओळखू येते.

बीथोव्हेनकडे परत जाऊ. दुसऱ्या बारमध्ये जी सेव्हन आणि त्यानंतर ए मायनर येतो. इथे नवशिका हमखास घसरतो. पहिल्या बारमध्ये रेघ आली, तेव्हा इथेही काहीतरी रेघ असणार असं समजून तो ए मायनरसाठी एखादं लेबल शोधत बसतो. पण जी सेव्हनमध्ये प, नी, रे, म हे चारही स्वर घरचेच आहेत. हा सी मेजरचा स्वतःचा V7, फक्त तो I कडे न जाता vi कडे वळला. लिहायचं साधं V7 – vi. गंमत अशी, की घराचं नाव पहिल्यांदा नीट घेतलं जातं ते इथे, आणि नेमकं इथेच घर टाळलं जातं.

तिसऱ्या बारमध्ये रे, तीव्र म, ध, सा असा डी सेव्हन वाजतो आणि चौथ्यात जी मेजर येतो. तीव्र म परका आहे, तो प च्या लगेच खाली आहे आणि प मध्येच जातो. म्हणून V7/V – V. इथे काही जण II7 लिहितात. रे वरचा कॉर्ड आहे, मेजर आहे, तेव्हा मोठ्या अक्षरात दोन, हिशेब चुकत नाही. पण त्या आकड्यातून एवढंच कळतं की कॉर्ड कोणत्या स्वरावर उभा आहे. तो कुणाकडे निघालाय ते कळत नाही. माझ्या मते विश्लेषणात लिहिण्यासारखी गोष्ट ती दुसरीच आहे. चार बारांखाली I7, IV, V7, vi, II7, V असं लिहिलं तर कॉर्डची नुसती यादी होते. V7/IV – IV, V7 – vi, V7/V – V असं लिहिलं, की तीन ओढी आणि तीन उत्तरं एकामागून एक दिसतात. घराचा ठाम पाया तर पुढे, तेराव्या बारमध्ये वेगवान भाग सुरू होतो तेव्हा मिळतो.

अनोळखी कॉर्ड समोर आला तर सुरुवात परक्या स्वरापासून करावी. समजा, सी मेजरच्या गाण्यात ध, काळी एक, ग, प असा कॉर्ड दिसला. काळी एक घरची नाही. कॉर्डचा पाया ध आहे, आणि रचना हुबेहूब V7 सारखी, म्हणजे खाली मेजर कॉर्ड आणि वर कोमल निषादाच्या अंतरावरचा चौथा स्वर. अशा कॉर्डच्या पायापासून वर शुद्ध मध्यमाएवढं अंतर मोजायचं. ध पासून मोजलं तर रे येतो. रे वरचा कॉर्ड सी मेजरमध्ये ii, म्हणून V7/ii. रेघेनंतर छोटं अक्षर, कारण तो मायनर आहे. मग पुढचा कॉर्ड खरोखर ii आहे का, ते कानाने आणि कागदावर तपासायचं. ती काळी एक आपण कोमल रे म्हणू, पण स्टाफ नोटेशनमध्ये ती सी शार्प म्हणून लिहिलेली असते, कारण ती खाली सा कडे उतरत नाही, वर रे कडे चढते. लिहिणाऱ्याने शार्प घातलाय की फ्लॅट, यावरून अर्धं उत्तर आधीच मिळतं. सातव्यासाठी मात्र ही सोय नाही. vii° डिमिनिश्ड, त्याचा पंचमच अपुरा, त्याला क्षणभरही सा म्हणून बसवता येत नाही. V7/vii° असं लेबल हाती आलं तर मोजणी पुन्हा करावी.

दोन ठिकाणी कागदापेक्षा कानावर जास्त विसंबावं लागतं. पहिलं म्हणजे V/IV. सातवा स्वर नसेल तर हा कॉर्ड सा, ग, प एवढाच, म्हणजे साधा I. प्रत्येक I नंतर IV आला म्हणून तिथे रेघ मारायची नसते. कोमल नी हाच त्याचा एकमेव पुरावा. आणि पुरावा असूनही तो पुरेसा नसतो: ब्लूजमध्ये सी सेव्हन हा घरचा, विसाव्याचा कॉर्ड असतो, तिथे I7 च लिहावं. दुसरं ठिकाण हुलकावणीचं. ग, काळी चार, नी, रे हा V7/vi. त्यानंतर ए मायनर यायला हवा, पण बऱ्याचदा एफ मेजर येतो. म्हणून लेबल चुकलं असं नाही. ए मायनरचं सहावं घर म्हणजे एफ, आणि दुसऱ्या बारमध्ये बीथोव्हेननेही V नंतर सहावाच दिला होता. लिहायचं V7/vi – IV.

टॉनिसायझेशन किती वेळ टिकलं म्हणजे पट्टी बदलली म्हणायची, हा प्रश्न बाखच्या १७२२मधल्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या पहिल्याच प्रिल्यूडमध्ये उभा राहतो. हाही सी मेजरमध्येच आहे आणि प्रत्येक बारला एकच कॉर्ड आहे, त्यामुळे शिकायला याहून सोयीचं काही मला माहीत नाही. सहाव्या बारमध्ये तीव्र म येतो, सातव्यात जी. दहाव्यात पुन्हा तीव्र म, अकराव्यात पुन्हा जी. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत शुद्ध म एकदाही वाजत नाही. घरचा हा खास स्वर सात बार गायब, आणि शेवटी जी वर नीट विसावा. ही पट्टी बदलणं, म्हणजे मॉड्युलेशनच आहे, असं म्हणणाऱ्याची बाजू भक्कम आहे.

तरीही मी त्याला लांबलेलं टॉनिसायझेशन म्हणेन. अकराव्या बारवर जी पोहोचतो, पण तिथे नवं काही सुरू होत नाही. बाराव्यातच कोमल नी आणि काळी एक घेऊन डिमिनिश्ड कॉर्ड येतो, vii°7/ii, म्हणजे सेकंडरी डॉमिनंटचाच चुलत भाऊ, आणि तेराव्यात डी मायनर शुद्ध म परत आणतो. कागदावर याची नोंद दोन मजल्यांवर करता येते. पाच ते अकरा या बारांखाली जी ला सा मानून ii6, V4/2, I6, IV4/2, ii7, V7, I असे आकडे लिहायचे. 6 किंवा 4/2 हे कॉर्डमधला कोणता स्वर तळाशी आहे ते सांगतात. मग त्या सगळ्यांखाली एक लांब आडवी कंसरेघ ओढून तिच्याखाली एकच V लिहायचा. प्रत्येक बारला रेघांची लेबलं लावण्यापेक्षा हे वाचायला सोपं जातं, आणि सी मेजर हे घर नजरेआड होत नाही.

एकोणिसाव्या बारमध्ये बाख सी वर परततो, शांतपणे. विसाव्यात त्याच कॉर्डमध्ये काळी पाच मिसळते, आणि एकविसाव्यात एफ. तिथेही पेन्सिलने लिहायचं ते बीथोव्हेनच्या पहिल्या कॉर्डखाली लिहिलं तेच: V7/IV.