सापळ्यातली रात्र आणि अर्जातली उत्तरं

ब्रिटनमध्ये शेताच्या कुंपणाजवळचे रानउंदीर मोजायचे, तर बहुधा लाँगवर्थ सापळा वापरतात. हा ॲल्युमिनियमचा आहे. एक बोगदा आणि त्याला जोडलेली छोटी खोली. त्यात प्राणी जिवंत राहतो, पण रात्रभर अडकून पडतो. विद्यापीठाची नीतिसमिती म्हणूनच विचारते: या रात्रीत त्याचं काय होईल?

खरी परीक्षा चिचुंद्रीची. अभ्यास उंदरांचा असला तरी ती आत शिरतेच. वजन जेमतेम पाच ते चौदा ग्रॅम, आणि काही तास कीटक मिळाले नाहीत तर ती मरते. धान्यावर तिचं भागत नाही. म्हणून अर्जात धान्याबरोबर माशीचे कोष, पाण्यासाठी गाजराचा तुकडा आणि उबेसाठी भरपूर कोरडं गवत लिहावं लागतं. तिथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने चिचुंद्र्यांना संरक्षण असल्याने परवानाही लागतो.

समजा, एका विद्यार्थिनीने शंभर सापळे मागितले. समिती विचारेल, पहाटे ते तपासणार कोण? दोघांना वेळेत चाळीसच उघडता येत असतील, तर चाळीसच लावायचे. माझ्या मते अर्जातला हाच आकडा सर्वांत प्रामाणिक असावा लागतो. दूध पाजणारी मादी आधी मोजून, पकडली तिथेच सोडायची. कडाक्याच्या थंडीचा अंदाज असेल तर सापळे बंद. आणि किती मृत्यू झाल्यावर काम थांबवायचं, हे सुरू करण्यापूर्वीच लिहून द्यायचं.