पोत्यावरचे आकडे आणि पिशवीवरची चिठ्ठी



उसाच्या बेण्याला पाकीट नसते. डोळा फुगीर आहे का, कांडी पोकळ नाही ना, एवढे पाहून आपण ते निवडतो. पण आपल्यातील काही सभासदांची भाताची खाचरे घाटाखाली महाड-पोलादपूरकडे आहेत, आणि मृगाच्या तोंडावर तिकडे भाताचे बी व खताची पोती न्यावी लागतात. तिथे नजर पुरत नाही, वाचावेच लागते. म्हणून १५ गुंठ्यांच्या एका खाचराचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

आधी बियाणे. पिशवीला निळी चिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बियाणे, म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेले. हिरवी चिठ्ठी असेल तर ते सत्यप्रत, म्हणजे चिठ्ठीवरच्या आकड्यांची जबाबदारी विकणाऱ्या कंपनीची. चिठ्ठीवर उगवण किमान ८० टक्के आणि शुद्धता किमान ९८ टक्के असे भाताचे आकडे असतात. ही शुद्धता म्हणजे पिशवीत बी किती आणि पळींज, माती, काडी किती, एवढेच. वाणात भेसळ आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आनुवंशिक शुद्धतेचा आकडा वेगळा पाहावा.

हेक्टरी ४० किलो बी धरले तर १५ गुंठ्यांच्या रोपाला ६ किलो लागते. त्यात ९८ टक्के शुद्ध बी आणि त्यातले ८० टक्के उगवणारे, म्हणजे कामाचे बी सुमारे ४ किलो ७०० ग्रॅम. हिशेब याच्यावर बसवलेला असतो.

आता गोम अशी, की चिठ्ठीवरची उगवण ही तपासणीच्या दिवसाची असते. म्हणून तपासणीची तारीख आणि वापराची अंतिम तारीख दोन्ही वाचाव्यात. मुदत पहिल्या वेळी तपासणीपासून नऊ महिने असते. मुदत शिल्लक असली तरी दमट जागी पडून राहिलेले बी मंदावते. शंका आली तर न निवडता सरसकट १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटात पसरून गुंडाळी करावी आणि ओल टिकवावी. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेले दाणे मोजावेत. ८० भरले तर ठीक. ६० च भरले तर ६ किलोऐवजी ८ किलो बी टाकावे लागेल, नाहीतर लावणीला रोप कमी पडणार. पण चिठ्ठीवर ८० आणि घरी ६०, तर पेरण्याआधी पिशवी बदलून मागणे हेच बरे.

आता खत. पोत्यावर १५:१५:१५ लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. हे टक्के आहेत; म्हणजे ५० किलोच्या पोत्यात प्रत्येकी साडेसात किलो. सुधारित भाताला कोकणात हेक्टरी १००:५०:५० किलोची शिफारस आहे. १५ गुंठ्यांना ते १५ किलो नत्र, साडेसात स्फुरद आणि साडेसात पालाश असे येते. म्हणजे लावणीला १५:१५:१५ चे एक पोते टाकले की स्फुरद आणि पालाश पुरे होते, नत्र निम्मे राहते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून उरलेल्या साडेसात किलोसाठी सुमारे १६ किलो युरिया लागतो. त्यातला ११ किलो फुटव्यांच्या वेळी आणि ५ किलो पोटरीत द्यावा. खाचरातून पाणी वाहत असताना युरिया टाकू नये. तो पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातो.

चूक कुठे होते? २०२२ पासून अनुदानित खतांची पोती ‘भारत’ या एकाच नावाने येतात, आणि कंपनी वेगळी असली तरी पोती सारखीच दिसतात. ‘नेहमीचे एक पोते द्या’ म्हटले आणि १०:२६:२६ आले, तर त्यात नत्र ५ किलोच, स्फुरद व पालाश मात्र १३-१३ किलो. वर तोच १६ किलो युरिया टाकला तर नत्र अडीच किलो कमी पडते आणि स्फुरदाचा जवळजवळ निम्मा खर्च फुकट जातो. दुकानात १०:२६:२६ च मिळाले तर पोते नव्हे, २९ किलोच घ्यावे आणि युरिया २६ किलो धरावा. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते, हेही लक्षात असू द्या.

पावतीवर वाण, लॉट नंबर आणि खताची श्रेणी लिहून घ्यावी. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे चिठ्ठी शाबूत राहते. मूठभर बी पिशवीतच ठेवावे. रोप विरळ आले तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना याच तीन वस्तू कामाला येतात.