मांजराला आपले नाव कळते का?

मांजर आपले नाव ओळखते; मात्र त्याची खूण पायांत नाही, कानांत दिसते. हाक मारली की कुत्रा धावत येतो. मांजर जागचे हलत नाही, त्यामुळे त्याला काही कळतच नाही असा समज पक्का झाला. हा समज तपासण्याची एक नेटकी रीत टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला.

तीच तेच आवाज पुन्हा पुन्हा कानावर पडले की प्राणी त्यांना सरावतो आणि दखल घेणे सोडून देतो. साइतो यांच्या प्रयोगाचा पाया हाच होता. मालकाच्या आवाजात आधी चार साधे शब्द ऐकवायचे, दर दोन शब्दांमध्ये सुमारे १५ सेकंद जाऊ द्यायचे आणि पाचव्या खेपेला मांजराचे नाव घ्यायचे. मांजराचे नाव 'मनी' असेल, तर मराठी घरात हे शब्द नदी, कढी, घडी, छडी असे घेता येतील. लांबी तेवढीच आणि सूरही तोच हवा. नाव घेताना आवाज जरा जरी लाडिक झाला, तर मांजर नावाला नव्हे, लाडाला प्रतिसाद देईल आणि सगळा प्रयोग फुकट जाईल.

पहिल्या शब्दाला कान वळतात, चौथ्यापर्यंत ही हालचाल मंदावते. नाव ऐकताच कान किंवा डोके पुन्हा आवाजाच्या दिशेने वळले, तर मांजराने त्या शब्दाला वेगळे काढले असे धरायचे. पाचवा शब्द नवा होता म्हणून कान वळले, असे म्हणता येत नाही, कारण आधीचे चारही शब्द एकमेकांहून वेगळे होते. एखादे मांजर पहिल्या चार शब्दांना सरावलेच नाही, तर मात्र या चाचणीतून काहीच निष्पन्न होत नाही. शेपटी हलवणे, आवाज काढणे किंवा उठून येणे असे प्रकार फार थोड्या वेळा दिसले. अनोळखी माणसाच्या आवाजात हाक दिली, तरीही मांजरांनी आपले नाव वेगळे ओळखले. म्हणजे त्यांच्या लक्षात राहिला होता तो शब्दाचा नाद, केवळ मालकाचा गळा नव्हे.

खरी गंमत कॅट कॅफेत दिसली. जपानमधल्या या कॅफेत बरीच मांजरे एकत्र राहतात आणि येणारे ग्राहक त्यांच्याशी खेळतात. तिथली मांजरे इतर शब्दांपासून आपले नाव वेगळे काढत, पण सोबतच्या मांजरांची नावे आणि स्वतःचे नाव यांत त्यांनी फरक केल्याचे दिसले नाही. घरातल्या मांजरांना हा फरक जमला. कॅफेत कोणाचेही नाव घेतले, तरी जवळ येईल त्या मांजराला खाऊ मिळत असावा किंवा त्याचे लाड होत असावेत. मग नेमके आपले नाव वेगळे लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही. नाव म्हणजे मांजराच्या लेखी खाणे, कुरवाळणे किंवा डॉक्टरकडची वारी यांची वर्दी देणारा आवाज. 'मनी म्हणजे मी' एवढे त्याला उमगते, असा निष्कर्ष या प्रयोगातून काढता येत नाही.

मात्र शब्दाची सांगड चेहऱ्याशी घालणे मांजरांना जमते. साहो ताकागी यांच्या गटाने २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराला आधी घरातल्या दुसऱ्या मांजराचे नाव ऐकवले आणि लगेच पडद्यावर चित्र दाखवले. नाव एकाचे आणि चित्र भलत्याचे असले, की घरची मांजरे अधिक वेळ टक लावून पाहत. म्हणजे ऐकलेल्या नावावरून त्यांनी विशिष्ट चेहऱ्याची अपेक्षा केली होती. कॅफेतल्या मांजरांत हा फरक आढळला नाही.

स्मरणशक्तीचे मोजमाप, काय आठवायचे आहे त्यानुसार बदलते. एखादी वस्तू डोळ्यांसमोर आडोशाला दडवली, तर ती नेमकी कुठे गेली याची आठवण पहिल्या अर्ध्या मिनिटातच बरीच पुसट होते. खाण्याच्या बाबतीत चित्र वेगळे. ताकागी यांच्याच २०१७ च्या प्रयोगात मांजरांना खाऊच्या चार भांड्यांपैकी फक्त दोहोंतले खाऊ दिले. १५ मिनिटांनी भांडी रिकामी करून ठेवली, तेव्हा ज्यांतले खायचे राहून गेले होते, त्या भांड्यांशी मांजरे जास्त वेळ घुटमळली. आपल्याला याची परीक्षा द्यावी लागेल, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

शरीराची आठवण तर याहून चिवट. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मांजर चालताना मध्ये एक छोटा अडथळा ठेवला गेला. पुढचे पाय तो ओलांडून गेले, की मांजराला खाऊ देऊन तिथेच थांबवले आणि त्याच्या नकळत अडथळा काढून घेतला. दहा मिनिटांनी ते पुढे निघाले, तेव्हाही मागचे पाय तिथे नसलेल्या अडथळ्यासाठी उचलले गेले. पुढचे पाय ओलांडण्यापूर्वीच मांजराला थांबवले, तर मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला तोच अडथळा ते काही क्षणांत विसरत असे.