शनीची दशा आणि एका इंजिनिअरची वही

श्रीरंग ही कल्पित व्यक्ती आहे, पण त्याच्या पत्रिकेतलं गणित खरं आहे. जन्म जानेवारी १९७६ चा, पहाटे अडीचच्या सुमाराचा. तूळ लग्न, चंद्र स्वाती नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. पुण्यात संगणक अभियंता म्हणून नोकरी, आणि ज्योतिषावर काडीचाही विश्वास नाही. २००० साली लग्नासाठी पत्रिका दाखवायची वेळ आली, तेव्हा तो आईबरोबर ज्योतिषीबुवांकडे गेला खरा, पण वही घेऊन. बुवा बोलतील ते तारखेसकट लिहून घ्यायचं आणि वीस वर्षांनी ताडून बघायचं, असा त्याचा बेत.

बुवांनी आधी एक गैरसमज दूर केला. आई ‘साडेसाती’ म्हणत होती, आणि बुवा शनीच्या महादशेबद्दल बोलत होते. साडेसाती म्हणजे आकाशात आज फिरणारा शनी तुमच्या चंद्रराशीच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीतून जातो तो काळ. एकाच राशीच्या सगळ्यांना ती एकदमच येते. महादशा मात्र जन्माच्या क्षणी चंद्र नक्षत्रात कुठे होता यावर ठरते आणि प्रत्येकाची वेगळी सुरू होते.

विंशोत्तरी पद्धतीत माणसाचं आयुष्य १२० वर्षांचं धरून नऊ ग्रहांत वाटलेलं आहे. राहूला १८ वर्षं, गुरूला १६, शनीला १९, असं. स्वाती हे राहूचं नक्षत्र. श्रीरंगचा चंद्र त्याच्या मध्यावर, म्हणजे राहूची निम्मी वर्षं जन्माआधीच ‘भुक्त’ झालेली आणि नऊ ‘भोग्य’ उरलेली. नऊ अधिक गुरूची सोळा, म्हणून पंचविसाव्या वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, शनी लागणार. हे त्रैराशिक श्रीरंगला आवडलं. यात गूढ काही नव्हतं.

मग फलित. शनी तूळ लग्नाला चतुर्थेश आणि पंचमेश, म्हणून योगकारक. तो दशमात, कर्मस्थानी. पण कर्क राशीत, म्हणजे शत्रूच्या घरात. बुवा म्हणाले, “पहिली तीन वर्षं नोकरीत खोळंबा. पहिल्याच दिवाळीच्या आसपास जपा. घर सोडून लांब राहावं लागेल. पुढे बुधाच्या अंतर्दशेत वडिलांचं आजारपण. शुक्रात स्वतःची वास्तू. राहूत परदेशगमन, तिथंच स्थायिक व्हाल.” श्रीरंगने प्रत्येक अंतर्दशेच्या तारखा मांडून घेतल्या. शनीत शनी २००४ च्या जानेवारीपर्यंत, शुक्र २००७ च्या अखेरीपासून २०११ च्या सुरुवातीपर्यंत, राहू २०१४ ते २०१७.

नोव्हेंबर २००१ मध्ये, दिवाळीच्याच आठवड्यात, त्याची नोकरी गेली. अमेरिकेतली डॉट-कॉमची लाट ओसरली होती, सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर उरलीसुरली कामंही थांबली, आणि पुण्या-बंगळुरातल्या कंपन्या माणसं कमी करत होत्या. नंतर दोन वर्षं तो गुजरातेत एका कारखान्यात राहिला. वहीत दोन बरोबरच्या खुणा झाल्या. आई काही बोलली नाही, तिला बोलायची गरजही नव्हती.

पण त्यानंतर गाडी अडली. बुधाची अंतर्दशा आली आणि गेली, वडील रोज सकाळी पर्वती चढत राहिले. शुक्रात, २००९ मध्ये, त्याने फ्लॅट घेतला, बरोबर. राहूत परदेश तर नाहीच, पासपोर्टची मुदतसुद्धा न वापरता संपली. पाच विधानांत तीन बरोबर, दोन चूक.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि ‘साठ टक्के’ म्हणतात. श्रीरंगने वेगळं केलं. त्याने तीच पाच विधानं, शनीचं नाव न काढता, कॉलेजच्या जुन्या मित्रांपुढे ठेवली आणि विचारलं, तुमच्या बाबतीत यातलं काय घडलं? ज्यांची दशा शुक्राची किंवा बुधाची चालू होती त्यांनीही २००१ ते २००३ मध्ये नोकरीचे धक्के खाल्ले होते. घरापासून लांब तर बहुतेक सगळेच राहिले होते. दोन पगार आणि गृहकर्ज असलेल्या जोडप्याने तिशीत फ्लॅट घेणं हेही पुण्यात नवल नव्हे. म्हणजे बरोबर ठरलेली विधानं जवळपास सगळ्यांनाच लागू पडणारी होती. वडिलांचा आजार आणि परदेशी स्थायिक होणं ही त्यातल्या त्यात नेमकी विधानं, आणि तीच चुकली. दिवाळीचा आठवडा तेवढा उरला. तो योगायोग, असं श्रीरंग म्हणतो. माझंही मत तेच आहे, पण ते एका घटनेवरून सिद्ध करता येत नाही, हेही खरं.

चुकांची वकिली करायला घरातलीच माणसं पुढे आली. मामा म्हणाले, जन्मवेळ चुकली असेल, प्रसूतिगृहातलं घड्याळ कोण तपासतं? यात तथ्य आहे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. राहूच्या नक्षत्रात वीस मिनिटांची चूक झाली तर पुढच्या सगळ्या दशा तीनेक महिन्यांनी हलतात. पण राहूची अंतर्दशा तीन महिने मागेपुढे केल्याने न घडलेलं परदेशगमन घडत नाही.

आत्याचा आक्षेप जास्त गंभीर होता. त्यांच्या घरी टिळक पंचांग. नक्षत्रचक्राची सुरुवात कुठून मोजायची, यावर महाराष्ट्रात जुना वाद आहे. एक पक्ष चित्रा ताऱ्यावरून मोजतो. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये तोच स्वीकारला, आणि लाहिरी अयनांश म्हणतात तो हाच. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून मोजतं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणूनच काही वर्षी टिळक पंचांगवाल्यांचे गणपती महिनाभर आधी येतात. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं, त्यात चार अंश म्हणजे तीन दशांश भाग. आत्याच्या पंचांगाने श्रीरंगचा चंद्र स्वातीत तेवढा पुढे गेला, राहूची नऊऐवजी ३.६ वर्षंच उरली आणि शनी २००१ ऐवजी ऑगस्ट १९९५ मध्ये लागला.

गंमत अशी की १९९५ लाही तो चपखल बसत होता. त्या वर्षी इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले होते आणि तो वसतिगृहात होता. खोळंबा आहे, घरापासून लांब आहे. साडेपाच वर्षांनी सरकवलेलं वेळापत्रकही तितकंच पटत असेल, तर पटण्याला पुरावा म्हणता येणार नाही. माझ्या दृष्टीने श्रीरंगच्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच, दिवाळीची नव्हे.

एका माणसाची वही म्हणजे चाचणी नव्हे. तशी चाचणी पुण्यात झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते कळवलं. नाणं उडवूनही वीस बरोबर यावेत. सर्वांत चांगल्या ज्योतिषाचे चोवीस आले, सरासरी वीसच्या खालीच राहिली. ही चाचणी दशेची नव्हती, पत्रिकेवरून माणूस ओळखण्याची होती. पण पद्धत श्रीरंगचीच: आधी लिहून घ्या, मग तपासा.

तुमच्याकडे संगणकावर छापलेली पत्रिका असेल तर ‘अयनांश’ शोधा. बहुधा तिथे लाहिरी किंवा चित्रापक्ष असेल. तीच जन्मवेळ टिळक पंचांगाने मांडून घ्या आणि शनीची तारीख किती सरकते ते बघा. मग फलित सांगणाऱ्याला एवढंच विचारा की काय घडलं नाही तर तुम्ही चुकलात असं मानाल, आणि मिळालेलं उत्तर तारखेसकट लिहून ठेवा.