वीस वर्षांचे व्याज, एका वर्षाचा कर

१९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ ला निवृत्त झाला. नव्या कायद्याचे कौतुक भाषा सोपी झाल्याबद्दल चालले आहे. मी त्यात एकच गोष्ट शोधली: भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावरचे व्याज. ते जुन्या कायद्यात अखेरीस जसे होते, तसेच उचलून नव्यात ठेवले आहे.

धरणात, एमआयडीसीत किंवा रस्त्यात जमीन गेली की भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा तुटपुंजा असायचा. मग कलम १८ खाली कोर्टात जायचे. भाव वाढवून मिळाला तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २८ वाढीव रकमेवर व्याज देई: ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के. निकाल लागायला दहा-पंधरा वर्षे सहज जात. त्यामुळे व्याज मुद्दलाच्याही वर जाई, आणि सगळे एकाच दिवशी हातात पडे.

ऐंशीच्या दशकाआधीचे वाद आज वाचवत नाहीत, ते सोडून देतो. नव्वदचे दशक मात्र मी कर सल्लागाराच्या खुर्चीतून पाहिले. रमाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की हे व्याज निकालाच्या दिवशी एकदम उपजत नाही. ताबा गेल्यापासून ते वर्षागणिक साठत जाते, म्हणून करही त्या त्या वर्षात लावा. १९९६ साली बिक्रमसिंग प्रकरणात न्यायालयाने व्याज करपात्रच ठरवले, पण वर्षांवर विभागून घेण्याचा हक्क राखला.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. एप्रिल १९९० ला ताबा गेला, मार्च २००० ला निकाल लागला आणि २ लाख वाढले असे धरू. व्याज पहिल्या वर्षाचे १८,००० आणि पुढच्या नऊ वर्षांचे ३०,००० प्रमाणे, एकूण २,८८,०००. माणसाला दुसरे उत्पन्न नाही. करमुक्त मर्यादा तेव्हा २२,००० वरून २८,०००, ३०,००० अशी वाढत होती. विभागून मांडले तर दोन वर्षांतच थोडा कर लागतो, सगळा मिळून दोनेक हजार. तेच सगळे १९९९-२००० या एका वर्षात टाकले तर ६०,४०० रुपये, अधिभार वेगळा.

त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. ज्याने जन्मात विवरणपत्र भरले नव्हते, त्याला मागच्या वर्षांच्या नोटिसा येत. शिवाय जी वर्षे मुदतबाह्य झाली, त्यांना खात्याला हात लावता येत नसे. खात्याला सलत होते ते हेच, असे माझे मत आहे.

मग ६ जुलै २००९ चा अर्थसंकल्प आला. व्याज ज्या वर्षी मिळेल त्याच वर्षीचे उत्पन्न, आणि त्यातून ५० टक्के सरसकट वजावट. रमाबाई निकालामुळे करदात्यांना होणारा त्रास कमी करण्यासाठी, असे कारण नंतरच्या परिपत्रकात दिले. त्रास ज्यांना होत होता त्यांना विचारले कोणी? वरचेच उदाहरण घ्या. निम्मे म्हणजे १,४४,००० करपात्र धरले, तर त्याच जुन्या दरांनी कर १७,८०० होतो. एकरकमीपेक्षा बरा, दोन हजारांच्या जवळपास नऊपट. रक्कम लहान आणि आजची मर्यादा मोठी, तेव्हा वजावट पुरते हे मान्य. निकालाला वीस-पंचवीस वर्षे लागून रक्कम कोटींत गेली, की निम्मी रक्कमसुद्धा सर्वांत वरच्या दरात जाऊन बसते.

गंमत अशी की अर्थसंकल्पानंतर दहाच दिवसांनी, १६ जुलैला, घनश्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की कलम २८ चे व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे. कलम ३४ चे, म्हणजे रक्कम उशिरा दिल्याचे व्याज वेगळे. मोबदलाच असेल तर ग्रामीण शेतजमिनीच्या बाबतीत त्यावर कर कसला? गुजरात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच धरले, पंजाब-हरियाणाने उलट. शेतकरी बसला मधोमध, आणि व्याज देणारे कार्यालय आधीच १० टक्के टीडीएस कापून मोकळे.

मला खरा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. पगाराची थकबाकी एकदम मिळाली तर नोकरदाराला कलम ८९ खाली ती त्या त्या वर्षांत विभागून करसवलत मिळे. दहा-ई नावाचा फॉर्म भरला की काम झाले. थकबाकी तीच, उशीर सरकारचाच, पण विभागणी फक्त पगाराला.

ज्यांची प्रकरणे अजून चालू आहेत त्यांनी एक करावे. रक्कम उचलण्याआधी वाढीव किंमत, दिलासा रक्कम, कलम २८ चे व्याज आणि कलम ३४ चे व्याज असा वेगवेगळा हिशेब लेखी मागून घ्यावा. चार रकमा एका आकड्यात आल्या की पुढे वाद घालायला कागदच उरत नाही. आणि अर्थमंत्रालयाने निम्म्याची वजावट किंवा वर्षवार विभागणी, यातले जे सोयीचे ते निवडायची मुभा द्यावी.