x⁴ + 1 का फुटत नाही?

x⁴ + 4 आणि x⁴ + 1 या दोन बहुपदी शेजारी लिहिल्या तर फरक केवळ शेवटच्या आकड्याचा. पण पहिलीचे अवयव पडतात: (x² + 2x + 2)(x² − 2x + 2). गुणाकार करून पाहिला की मधली सगळी पदं कटतात आणि x⁴ + 4 उरतं. दुसरीचे तसे अवयव शोधायला बसलं, तर कितीही कागद खर्ची घातले तरी हाती काही लागत नाही. आता अवयव सापडले नाहीत, एवढ्यावरून ते नाहीतच असं म्हणता येत नाही. ते नाहीतच, हे पक्कं कसं ठरवायचं?

आधी फुटणं म्हणजे नेमकं काय, ते ठरवायला हवं. लायब्निझसारख्या थोर गणितज्ञाने १७०२ मध्ये असं म्हटलं होतं, की x⁴ + 1 सारख्या बहुपदीचे वास्तव सहगुणकांचे वर्ग अवयव पडत नाहीत. ते खरं नव्हतं. √2 वापरायची मुभा दिली तर (x² + √2x + 1)(x² − √2x + 1) हे तिचे अवयव आहेत. पण √2 ही अपरिमेय संख्या. इथे नियम असा, की अवयवांचे सहगुणक परिमेयच हवेत, म्हणजे पूर्णांक किंवा साधे अपूर्णांक. या नियमात राहून जी बहुपदी लहान कोटीच्या दोन बहुपदींत फुटत नाही, तिला इथे अविभाज्य म्हणू.

अपूर्णांक अनंत आहेत, तेव्हा शोध कुठून सुरू करावा हाही प्रश्नच. तो गाऊसने सोडवून ठेवला आहे. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या त्याच्या ग्रंथातल्या एका सिद्धांताचा अर्थ असा: पूर्णांक सहगुणकांची बहुपदी अपूर्णांक वापरून फुटत असेल, तर ती पूर्णांक वापरूनही फुटते. म्हणजे अपूर्णांकांचं रान सोडून देता येतं. पुढच्या सगळ्या कसोट्या याच आधारावर उभ्या आहेत.

सर्वांत सोपी कसोटी उकलीची. बहुपदीला परिमेय उकल असेल आणि ती संक्षिप्त रूपात a/b अशी लिहिली, तर a ने स्थिर पदाला आणि b ने सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला पूर्ण भाग जायलाच हवा. त्यामुळे तपासायच्या संख्या मोजक्याच उरतात. x³ − 3x − 1 घ्या. इथे उमेदवार दोनच, १ आणि −१. x = 1 ठेवलं तर −३ येतात, x = −1 ठेवलं तर १ येतो. शून्य कुठेच नाही. तिसऱ्या कोटीची बहुपदी फुटली तर तिचा एक तुकडा पहिल्या कोटीचा असणारच, आणि पहिल्या कोटीचा तुकडा म्हणजे एक परिमेय उकल. तशी उकल नाही, तेव्हा ही बहुपदी अविभाज्य. हा हिशेब दोन ओळींचा असला तरी त्यातून मोठी गोष्ट निघते. हिची एक उकल म्हणजे २० अंशांच्या कोनाच्या कोसाइनची दुप्पट. ती अविभाज्य आहे म्हणूनच पट्टी आणि कंपासने ६० अंशांच्या कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत. प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेल्या या प्रश्नाचा निकाल पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये लावला.

चौथ्या कोटीपासून मात्र ही कसोटी अपुरी पडते, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात ते इथेच. x⁴ + 4 ला एकही परिमेय उकल नाही. x⁴ ऋण होतच नाही, मग बेरीज शून्य होणार कशी? तरीही ती फुटते, कारण तिचे दोन्ही तुकडे दुसऱ्या कोटीचे आहेत. उकल नाही म्हणून बहुपदी अविभाज्य, हा निष्कर्ष दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीपुरताच खरा.

मग मोठ्या कोटीच्या बहुपदीचं काय करायचं? एखादी मूळ संख्या निवडायची आणि प्रत्येक सहगुणकाला तिने भागून फक्त बाकी ठेवायची. २ निवडली तर सम सहगुणकाच्या जागी ०, विषमाच्या जागी १. मूळ बहुपदी पूर्णांकांत फुटत असेल तर बाक्यांच्या जगातही ती फुटलेली दिसलीच पाहिजे. म्हणजे तिथे ती फुटली नाही, तर पूर्णांकांतही फुटत नाही.

x⁴ − 6x³ + 4x² + 7x + 15 हे उदाहरण पाहू. २ ने भागून बाक्या ठेवल्या की उरतं x⁴ + x + 1. या जगात संख्या दोनच, ० आणि १, त्यामुळे सगळं हाताने तपासता येतं. x = 0 ठेवलं तर १ येतो. x = 1 ठेवलं तर ३, म्हणजे पुन्हा बाकी १. उकल नाही, म्हणून पहिल्या कोटीचा तुकडा नाही. आता दुसऱ्या कोटीचे दोन तुकडे असू शकतील. त्या दोघांनाही उकल असता कामा नये, आणि दुसऱ्या कोटीत अशी एकच बहुपदी आहे, x² + x + 1. तिचा वर्ग या जगात येतो x⁴ + x² + 1. तो आपल्या x⁴ + x + 1 शी जुळत नाही. प्रश्न मिटला, मूळ बहुपदी अविभाज्य आहे.

या रीतीत एक पथ्य आहे. सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला निवडलेल्या मूळ संख्येने भाग जाता कामा नये. 2x² + 3x + 1 ही सरळ (2x + 1)(x + 1) अशी फुटते. पण २ ने भागून बाकी ठेवली तर पहिलं पदच नाहीसं होतं, x + 1 उरतं आणि ते अविभाज्य दिसतं. कोटी घसरली की निकाल रद्द समजायचा आणि दुसरी मूळ संख्या घ्यायची.

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी ही रीत आहे; फक्त तिचा कौल एकाच बाजूने ग्राह्य धरायचा. बाक्यांच्या जगात बहुपदी फुटली, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दुसऱ्या मूळ संख्येने पुन्हा पाहावं, इतकंच. आणि इथेच x⁴ + 1 आपला हट्टी स्वभाव दाखवते. २ घेतली तर ती (x + 1)⁴ होते. ३ घेतली तर (x² + x + 2)(x² + 2x + 2). ५ घेतली तर (x² + 2)(x² + 3). ७ घेतली तर (x² + 3x + 1)(x² − 3x + 1). पुढच्या मूळ संख्या घेत राहिलं तरी हेच. ती प्रत्येक मूळ संख्येपुढे फुटते, आणि तरीही पूर्णांकांत अविभाज्य आहे.

हा योगायोग नाही. x⁴ + 1 तीन प्रकारे लिहिता येते: x⁴ − (−1), (x² + 1)² − 2x² आणि (x² − 1)² − (−2)x². −१, २ आणि −२ यांपैकी एखादी संख्या बाक्यांच्या जगात पूर्ण वर्ग असेल, तर तिच्या वाट्याचं रूप दोन वर्गांची वजाबाकी होतं आणि शाळेतल्या सूत्राने त्याचे अवयव पडतात. विषम मूळ संख्येच्या बाक्यांत असा नियम आहे, की वर्ग नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी वर्ग असतो. त्यामुळे −१ आणि २ हे दोन्ही वर्ग नसले, तर त्यांचा गुणाकार −२ हा वर्ग असतोच. तिघांपैकी एक तरी वाट नेहमी उघडी, फक्त ती प्रत्येक मूळ संख्येसाठी वेगळी. परिमेय संख्यांत मात्र −१, २ आणि −२ यांपैकी कोणीच वर्ग नाही, म्हणून तिथे तिन्ही वाटा बंद.

वाटा बंद आहेत, पण फोडण्याची चौथी वाट नाहीच, याचा पुरावा अजून राहिला. तो आयझेनश्टाइनच्या कसोटीने मिळतो. कसोटी अशी: सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक सोडून बाकी सर्व सहगुणकांना एखाद्या मूळ संख्येने भाग जातो, त्या पहिल्या सहगुणकाला जात नाही, आणि स्थिर पदाला त्या संख्येच्या वर्गाने भाग जात नाही, तर बहुपदी अविभाज्य. x⁴ + 1 चं स्थिर पद १, त्याला कोणत्याच मूळ संख्येने भाग जात नाही. म्हणजे कसोटी थेट लावता येत नाही. पण २ घेतल्यावर ती (x + 1)⁴ झाली होती, म्हणजे एकाच अवयवाचा पूर्ण घात. अनुभवी डोळा ही खूण लगेच हेरतो. अशा वेळी x च्या जागी x + 1 ठेवून पाहायचं. त्याने बिघडत काही नाही, कारण बहुपदी फुटत असेल तर तिचे तुकडेही तसेच सरकतील आणि x − 1 ठेवून परत आणता येतील.

सरकवल्यावर मिळतं x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2. आता समजा, ही दोन तुकड्यांत फुटते. २ ने भागून बाक्या ठेवल्या की नुसतं x⁴ उरतं, आणि ० व १ च्या जगात x⁴ चे तुकडे म्हणजे केवळ x चे घात. तेव्हा दोन्ही तुकड्यांची स्थिर पदं सम असणार आणि त्यांच्या गुणाकाराला ४ ने भाग जाणार. पण इथलं स्थिर पद आहे २. त्याला ४ ने भाग जात नाही, म्हणजे तुकडे नाहीतच. ज्या २ ने आधी काहीच सांगितलं नव्हतं, तिच्याच वर्गाकडे पाहिल्यावर निकाल मिळाला.

गोटहोल्ड आयझेनश्टाइनने ही कसोटी १८५० मध्ये ‘क्रेले’ या जर्मन नियतकालिकात मांडली. दोनच वर्षांनी, वयाच्या २९ व्या वर्षी तो क्षयाने गेला. पण थिओडोर श्योनेमानने तीच कल्पना, अधिक व्यापक रूपात, १८४६ मध्ये त्याच नियतकालिकात छापली होती. त्याचं नाव मागे पडलं, हा अन्यायच म्हणायला हवा.

कसोटीला मर्यादा आहेत. x³ − x − 1 ही उकलीच्या कसोटीने लगेच अविभाज्य ठरते, पण कितीही सरकवा, आयझेनश्टाइन तिला लागू पडत नाही. x च्या जागी x + k ठेवलं तर x² चा सहगुणक 3k आणि x चा 3k² − 1 येतो. जी मूळ संख्या पहिल्याला भागते ती 3k² लाही भागते. मग दुसऱ्याला भागण्यासाठी तिने १ लाही भागायला हवं, जे अशक्य आहे. म्हणून एका कसोटीवर विसंबू नये. आधी उकली पाहाव्यात, मग दोन-तीन लहान मूळ संख्या, आणि एखादीपुढे बहुपदी एकाच पहिल्या कोटीच्या अवयवाचा पूर्ण घात होताना दिसली तर सरकवून आयझेनश्टाइन.

हाच क्रम वाचकांनी x⁶ + x³ + 1 वर करून पाहावा. ३ च्या बाक्यांत ती (x − 1)⁶ होते. x च्या जागी x + 1 ठेवल्यावर मिळेल x⁶ + 6x⁵ + 15x⁴ + 21x³ + 18x² + 9x + 3. पहिला सोडून सर्व सहगुणकांना ३ ने भाग जातो आणि शेवटच्या ३ ला ९ ने जात नाही, म्हणजे हीसुद्धा अविभाज्य.