स्टोरीत लिंक टाकायचीय, पण स्टिकरच दिसत नाही? १० हजार फॉलोअर्सचा नियम तर कधीच गेला

समजा, नाशिकमधल्या एका ताईंनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घ्यायच्या ठरवल्या. दिवाळीला तीन आठवडे असताना त्यांनी इन्स्टाग्रामवर नवं अकाउंट उघडलं, चकलीचे आणि अनारशांचे फोटो टाकले. आता स्टोरीवर बोट ठेवलं की थेट व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याशी चॅट सुरू व्हावं, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीच्या स्टोरीत अशी लिंक दिसते. तिचे फॉलोअर्स जेमतेम ३००. ताईंच्या फोनवर मात्र स्टिकरच्या यादीत LINK नावाचं काही नाहीच.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "१० हजार फॉलोअर्स झाल्याशिवाय लिंक मिळत नाही." हा सल्ला एकेकाळी बरोबर होता. आता तो जुना झालाय आणि त्यापायी लोक पैसेही घालवतात.

१० हजारांची गोष्ट आली कुठून?

इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून तर सगळे 'लिंक बायोमध्ये आहे' असं लिहीत असतात. २०१६ मध्ये स्टोरीत लिंक द्यायची सोय आली, पण ती आधी निळी टिक असलेल्या अकाउंट्सपुरती होती. पुढच्या वर्षी १० हजार किंवा त्याहून जास्त फॉलोअर्स असलेल्या बिझनेस अकाउंट्सनाही ती मिळाली. तेव्हा स्टिकर नव्हता. स्क्रीनवर बोट वर सरकवलं की लिंक उघडायची, तोच 'स्वाइप अप'.

३० ऑगस्ट २०२१ पासून स्वाइप अप जाऊन त्याच्या जागी लिंक स्टिकर येऊ लागला. हा स्टिकर फोटोवर हवा तिथे ठेवता येतो आणि स्वाइप अपच्या स्टोरीला जे उत्तर पाठवता येत नव्हतं, तेही आता पाठवता येतं. पण सुरुवातीला तो ज्यांच्याकडे आधी स्वाइप अप होतं त्यांनाच मिळाला. खरा बदल झाला ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, जेव्हा इन्स्टाग्रामने तो सगळ्यांसाठी खुला केला. फॉलोअर्सची अट संपली. शेजारच्या मुलीला ३०० फॉलोअर्सवर लिंक देता येते ती त्यामुळेच.

मग काहींना का मिळत नाही?

'सगळ्यांसाठी' म्हणताना इन्स्टाग्रामने तेव्हाच दोन अपवाद सांगितले होते. एक म्हणजे नवी अकाउंट्स. दुसरा म्हणजे द्वेष पसरवणारा मजकूर, खोटी माहिती किंवा नियमांत न बसणाऱ्या इतर गोष्टी वारंवार टाकणारी अकाउंट्स.

यामागचा विचार समजायला सोपा आहे. फोटोतून कुणाचा पासवर्ड चोरता येत नाही, लिंकमधून येतो. बँकेसारखं दिसणारं खोटं पान बनवायचं, त्याची लिंक शेकडो अकाउंट्सवरून पसरवायची आणि एक बंद झालं की दुसरं उघडायचं, हा फसवणूक करणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग. अकाउंट उघडायला पैसे लागत नाहीत, पण ते जुनं व्हायला वेळ लागतो. १० हजारांच्या अटीऐवजी आता ही वेळेची आणि वागणुकीची चाळणी आहे. फटका मात्र फराळवाल्या ताईंनाही बसतो, कारण नव्या अकाउंटमागे माणूस कोण आहे हे चाळणीला कळत नाही.

किती दिवसांनी अकाउंट 'नवं' राहत नाही? इन्स्टाग्रामने याचा आकडा जाहीर केलेला नाही. त्यामुळे '३० दिवस थांबा' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो त्याचा अंदाज समजावा.

वर्षानुवर्षं हा स्टिकर न मिळणारे लोक बहुतेकदा इथेच अडकतात. स्टिकर दिसत नाही म्हणून ते अकाउंट बंद करून दुसरं उघडतात, की दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे. तिसऱ्या अकाउंटचं तेच. काही जण १० हजार गाठायला फॉलोअर्स विकत घेतात. त्या आकड्याला आता स्टिकरसाठी काडीचीही किंमत नाही, शिवाय विकतचे फॉलोअर्स नियमांत बसत नाहीत. म्हणजे पहिल्या अपवादातून सुटायच्या नादात माणूस दुसऱ्यात जाऊन पडायचा.

अडचण नेमकी कुठे, हे कसं ओळखायचं?

ताईंनी आधी स्टिकर नीट शोधायला हवा. स्टोरीसाठी फोटो निवडला की वरच्या बाजूला हसऱ्या चेहऱ्याचं चौकोनी चिन्ह असतं. ते दाबल्यावर स्टिकरची यादी उघडते, तिच्यात LINK असायला हवं. नसेल तर अ‍ॅप अपडेट करून पुन्हा बघावं.

तरीही नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. त्याच फोनवर घरातल्या कुणाचं तरी जुनं अकाउंट उघडून बघायचं. त्यात स्टिकर दिसला, तर फोन आणि अ‍ॅप ठीक आहेत, अडचण अकाउंटची आहे. दोन्हींत दिसला नाही, तर आधी अ‍ॅपवर संशय घ्यावा.

अडचण अकाउंटची असेल, तर सेटिंग्जमध्ये Account Status उघडावं. कुठली पोस्ट काढून टाकली आहे का, कुठली सोय बंद केली आहे का, हे तिथे कळतं. पोस्ट चुकून काढली गेली असं वाटत असेल, तर फेरतपासणीची मागणीही तिथूनच करता येते. आणि तिथे काहीच खोट दिसत नसेल, अकाउंट मात्र ताजं असेल, तर बहुधा थांबण्यावाचून उपाय नाही. ताईंचं उत्तर हेच.

कधी कधी स्टिकर असतो, पण लिंक चालत नाही. तो वेगळा प्रकार. एखाद्या वेबसाइटची लिंकच इन्स्टाग्रामने अडवलेली असू शकते, किंवा पत्ता चुकलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये तर ही चूक सहज होते. तिचं बरोबर रूप असं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

X च्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर. मध्ये + नको, सुरुवातीचा शून्य नको, मोकळी जागाही नको.

तोवर ऑर्डर कशा घ्यायच्या?

दिवाळी काही अकाउंट जुनं व्हायची वाट बघणार नाही. हीच wa.me लिंक ताईंना बायोमध्ये टाकता येईल. २०२३ पासून तिथे पाच लिंक देता येतात, म्हणजे दरपत्रकाची लिंकही मावेल. स्टोरीवर लिंक नुसती टाइप करून मात्र उपयोग नाही, ती दाबली जात नाही. त्याऐवजी 'ऑर्डरसाठी या स्टोरीला "फराळ" असं उत्तर पाठवा' असं लिहिलं, तर गिऱ्हाईक थेट मेसेजमध्ये येतं.

पुढे स्टिकर मिळाला की लिंक टाकताना त्यावरचा मजकूर बदलून घ्यावा. लांबलचक पत्त्यापेक्षा 'ऑर्डर द्या' हे दोन शब्द लोकांना लगेच कळतात. स्टोरी २४ तासांत जाते, पण ती हायलाइटमध्ये ठेवली की प्रोफाइलवर राहते आणि तिच्यातली लिंकही चालू राहते.